गुन्ह्याच्या कारणांचे सिद्धांत शेजारी ठेवून वाचताना: कल्पना, पुरावा आणि उणीव

गोव्यात समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती गुन्हेगारीशास्त्रावरचं एखादं प्रकरण येतं आणि त्यासोबत एक ठरलेलं काम येतं: यातल्या सिद्धांतांची तुलना करा, प्रत्येकाची मूळ कल्पना, दिलेला पुरावा आणि मुख्य उणीव सांगा. वहीत तीन रकाने आखले जातात. पहिला भरतो, दुसरा अर्धामुर्धा राहतो आणि तिसऱ्यात प्रत्येक नावापुढे तेच वाक्य उतरतं: ‘हा सिद्धांत सर्व गुन्ह्यांचं स्पष्टीकरण देऊ शकत नाही.’ वाक्य खरं आहे. पण ते कुठल्याही सिद्धांतापुढे चालतं, म्हणून त्याने दोन सिद्धांतांतला फरक दिसत नाही.

उणीव वेगळी पाठ करावी लागत नाही. कल्पना नेमकी लिहा, पुरावा नेमका लिहा, म्हणजे कल्पना जेवढं म्हणते तेवढं पुराव्यातून निघतं का, हे आपोआप विचारता येतं. जे निघत नाही ती त्या सिद्धांताची उणीव. हे कसं करायचं ते मी चार सिद्धांतांवर दाखवतो: शॉ आणि मके, मर्टन, सदरलँड आणि हर्शी. शेवटच्या दोघांपाशी जास्त थांबणार आहे, कारण एकाच निरीक्षणावरून ते एकमेकांच्या विरुद्ध टोकाला जातात.

पहिली पायरी: सिद्धांत कुठला प्रश्न सोडवतोय ते लिहा

रकाने आखण्याआधी प्रत्येक नावापुढे एक प्रश्न लिहा. ‘गुन्हा का घडतो’ हा फार मोठा प्रश्न आहे आणि त्याच्या पोटात निदान तीन वेगळे प्रश्न आहेत. काही वस्त्यांतली मुलं जास्त प्रमाणात गुन्ह्यांकडे का वळतात? एकाच वस्तीतला एक मुलगा वळतो आणि शेजारचा वळत नाही, असं का? आणि तिसरा, अमुक जागी अमुक वेळीच चोरी का होते? पहिला प्रश्न वस्तीबद्दल आहे, दुसरा माणसाबद्दल, तिसरा घटनेबद्दल.

गोव्यातलं कल्पित उदाहरण घेऊ. कळंगुटच्या किनाऱ्यावर पार्क केलेल्या भाड्याच्या स्कूटरांच्या डिकीतून मोबाईल आणि पाकिटं चोरीला जातात. एखादा विद्यार्थी त्या पोलिस ठाण्याच्या हद्दीतल्या तक्रारी नकाशावर मांडतो आणि म्हणतो, शॉ आणि मके यांच्या सिद्धांतानुसार कळंगुटमध्ये सामाजिक विघटन झालं आहे, म्हणजे मुलांवर लक्ष ठेवण्याची वस्तीची ताकद ढासळली आहे. इथे घोटाळा आहे. शॉ आणि मके यांनी शिकागोच्या नकाशावर बालन्यायालयापुढे आलेल्या मुलांच्या घरांचे पत्ते मांडले होते. विद्यार्थ्याने मांडल्या त्या गुन्ह्याच्या जागा. चोर पेडण्याहून आलेला असेल, मुरगावहून आलेला असेल किंवा राज्याबाहेरचाही असेल, कळंगुटच्या वाड्यांवरच्या मुलांबद्दल त्या नकाशातून काहीच कळत नाही.

या चोऱ्यांना लागू पडणारा विचार कोहेन आणि फेल्सन यांनी १९७९ मध्ये मांडला. गुन्हा करायला तयार असलेला माणूस, हाताला लागेल अशी वस्तू आणि राखण करणाऱ्याचा अभाव, ही तीन एका जागी एका वेळी जमली की गुन्हा घडतो, असं ते म्हणाले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लोकांचं उत्पन्न वाढत असतानाही चोऱ्या का वाढल्या, हा त्यांचा प्रश्न होता. लोक घराबाहेर जास्त वेळ राहू लागले आणि घरातल्या वस्तू हलक्या झाल्या, असा पुरावा त्यांनी दिला. विक्रीच्या कॅटलॉगमधला सर्वांत हलका टीव्ही १९६० मध्ये ३८ पौंडांचा होता, तो १९७० मध्ये १५ पौंडांवर आला, इतक्या बारकाईने त्यांनी हे दाखवलं. गुन्हा करायला तयार असलेला माणूस मुळात तयार कसा होतो, हे मात्र ते सांगत नाहीत. त्यांनी ते गृहीतच धरलं आहे. म्हणून तुमच्या वाचनात हा सिद्धांत असेल तर त्याची ओळ वेगळ्या प्रश्नाखाली ठेवा. मर्टनशी त्याची थेट कुस्ती लावू नका, दोघांचे आखाडे वेगळे आहेत.

दुसरी पायरी: मूळ कल्पना खोटी ठरू शकेल अशा वाक्यात लिहा

पहिल्या रकान्यात नाव आणि दोन शब्द लिहून चालत नाही. ‘मर्टन: ताण’ यातून पुढे काहीच तपासता येत नाही. ‘जर असं असेल, तर तसं दिसायला हवं’ या साच्यात कल्पना बसवा.

मर्टनवर करून पाहू, कारण त्याच्याबाबत चूक सर्वांत जास्त होते. रॉबर्ट मर्टनचा लेख १९३८चा. विद्यार्थ्यांच्या वह्यांत त्याचा सारांश ‘गरिबीमुळे गुन्हा होतो’ असा सापडतो, आणि मर्टनने तर त्याच लेखात उलट सांगून ठेवलं आहे, की नुसत्या गरिबीने हे घडत नाही. त्याचं म्हणणं असं: समाज सगळ्यांपुढे एकच ध्येय ठेवतो, पैशाचं यश. ते गाठायचे मान्य मार्ग मात्र सगळ्यांना सारखे उघडे नसतात. ध्येय सर्वांना, वाट काहींनाच, अशी फट जिथे मोठी, तिथे माणसं वेगवेगळ्या तऱ्हेने वागतात. कोणी दोन्ही मान्य करून चालत राहतो, कोणी ध्येय ठेवतो पण मार्ग बेकायदा काढतो, कोणी ध्येय सोडून नुसती चाकोरी पाळतो, कोणी दोन्हींकडे पाठ फिरवतो आणि कोणी दोन्ही बदलायला निघतो. गुन्ह्याशी थेट नातं आहे ते दुसऱ्याचं.

आता जर-तरमध्ये: जर मर्टन बरोबर असेल, तर ज्यांची आकांक्षा मोठी आणि ती पुरी होण्याची आशा कमी, त्यांच्यात गुन्हे जास्त दिसायला हवेत. ज्यांनी मोठी आकांक्षाच धरली नाही त्यांच्यात, ते गरीब असले तरी, कमी दिसायला हवेत. हे वाक्य तपासता येतं. पुढे हर्शीच्या सर्वेक्षणात नेमकं हेच तपासलं गेलं आणि मर्टनला अनुकूल उत्तर आलं नाही. ज्या मुलांच्या आकांक्षा मोठ्या होत्या ती कमी गुन्हे करत होती. ‘गरिबीमुळे गुन्हा’ असं लिहिलं असतं तर हा पुरावा मर्टनच्या कल्पनेला लागतो हे तुम्हाला दिसलंच नसतं.

शॉ आणि मके यांची कल्पना याच साच्यात: जर वस्तीची अवस्था कारण असेल, म्हणजे गरिबी, सतत बदलणारी लोकसंख्या आणि त्यामुळे एकमेकांच्या मुलांवर लक्ष ठेवण्याची ढासळलेली ताकद, तर तिथले रहिवासी बदलले तरी त्या वस्तीतलं बालगुन्हेगारीचं प्रमाण चढंच राहायला हवं.

तिसरी पायरी: पुराव्याला पाच प्रश्न विचारा

दुसरा रकाना भरताना बहुतेक जण ‘शिकागोत अभ्यास केला’ असं लिहून पुढे जातात. त्याऐवजी विचारा: कोणाला मोजलं? कधी, कुठे? गुन्हा कशावरून मोजला, पोलिस आणि कोर्टाच्या नोंदीवरून की माणसाने स्वतः सांगितलं त्यावरून? तुलना कोणाशी केली? आणि मोजमाप एकदाच झालं की काळाच्या ओघात पुन्हा पुन्हा?

चौथा प्रश्न किती कामाचा आहे ते लोम्ब्रोसोवरून कळतं. त्याचा मुख्य ग्रंथ १८७६चा. जन्मतःच गुन्हेगार असणारा एक प्रकार असतो आणि तो शरीरावरून ओळखता येतो, हे त्याने कैद्यांच्या कवट्या, जबडे, कान मोजून मांडलं. इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंगने सुमारे ३,००० कैद्यांची मोजमापं घेऊन ती विद्यार्थी, सैनिक आणि इस्पितळातले रुग्ण यांच्याशी ताडली आणि १९१३ मध्ये निष्कर्ष छापला, की असा वेगळा शारीरिक प्रकार सापडत नाही. कैद्यांत दिसणारं लक्षण बाहेरच्या माणसांतही तितकंच असेल तर ते लक्षण काहीच सांगत नाही. लोम्ब्रोसोवर यापेक्षा जास्त शाई खर्च करण्याची गरज नाही.

शॉ आणि मके यांच्याकडे हे पाच प्रश्न नेले की चित्र भक्कम दिसतं. शिकागोच्या बालन्यायालयापुढे आलेली मुलं त्यांनी मोजली, तीन वेगळ्या काळांतली: १९००-०६, १९१७-२३ आणि १९२७-३३. प्रत्येक काळातली मुलं आठ हजारांहून थोडी जास्त. प्रमाण काढलं ते त्या भागात राहणाऱ्या त्याच वयाच्या मुलांच्या संख्येवरून. शहराच्या मध्याजवळच्या, कारखान्यांना लागून असलेल्या पट्ट्यात प्रमाण सर्वांत जास्त, आणि बाहेर जावं तसं उतरत जाणारं. या दरम्यान त्या पट्ट्यातले जर्मन, आयरिश, स्कँडिनेव्हियन लोक बाहेर पडले, त्यांच्या जागी पोलिश, इटालियन आणि नंतर दक्षिणेकडून आलेले कृष्णवर्णीय लोक आले. वस्तीचं प्रमाण चढंच राहिलं, आणि बाहेर पडलेल्या समूहांच्या मुलांचं उतरलं. अमुक जमातच गुन्हेगार, असं म्हणणाऱ्यांना इतकं सणसणीत उत्तर या शास्त्रात फार थोड्यांनी दिलं असेल. गोव्यात परप्रांतीय कामगारांच्या वस्त्यांबद्दल जे सर्रास बोललं जातं, ते ऐकताना मला हा अभ्यास हटकून आठवतो.

पण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लक्षात ठेवा: मोजलं ते न्यायालयाच्या नोंदीवरून. गरीब वस्तीतला मुलगा पकडला गेला की कोर्टात जातो, सुखवस्तू घरातल्या मुलाला समज देऊन घरी सोडलं जातं, असं होत असेल तर नकाशावर पोलिसांचं वागणंही उमटलेलं आहे.

नोंदींचा हा प्रश्न गोव्याच्या आकड्यांना आणखी एका कारणाने लागू होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग गुन्ह्यांचा दर राज्याच्या लोकसंख्येच्या दर लाखामागे काढतो. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती. दरवर्षी लाखोंनी येणारे पर्यटक त्या छेदात नाहीत, पण त्यांच्या चोरीला गेलेल्या वस्तूंची तक्रार अंशात येते. शिवाय एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तर त्यांतला सर्वांत गंभीर तेवढा मोजला जातो. कुठल्याही सिद्धांताच्या समर्थनार्थ हा दर वापरायचा असेल तर आधी ही दोन वाक्यं लिहा.

चौथी पायरी: कल्पना आणि पुरावा यांतली फट शोधा

आता दोन रकाने समोर ठेवा आणि विचारा, पुरावा ज्या पातळीवरचा आहे त्याच पातळीवर कल्पना बोलते आहे का?

शॉ आणि मके यांचा पुरावा वस्तीचा आहे. त्यावरून ‘वाईट वस्तीत राहणारा मुलगा गुन्हेगार होतो’ असं म्हटलं की पातळी बदलली. हे किती घातक असतं ते रॉबिन्सन नावाच्या संशोधकाने १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३०च्या जनगणनेवरून दाखवलं. ज्या राज्यांत परदेशी जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी होती. त्यावरून परदेशी जन्मलेले लोक जास्त साक्षर असावेत असं वाटतं. प्रत्यक्ष माणसं मोजली तर ते किंचित जास्त निरक्षर निघाले. खुलासा साधा होता: स्थलांतरित लोक मुळात साक्षरता जास्त असलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते. समूहाच्या आकड्यावरून माणसाबद्दल बोललं तर उत्तर उलटंही फिरू शकतं. शॉ आणि मके यांच्यापुढची उणीव म्हणून हे लिहा, आणि त्यासोबत दुसरी: ‘विघटन’ त्यांनी थेट मोजलं नाही, गरिबी आणि लोकवस्तीची हालचाल यांवरून ते असावं असं धरलं. ही दुसरी फट पुढे बऱ्यापैकी बुजली. सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी शिकागोतच ८,००० हून अधिक रहिवाशांना विचारलं, की शाळा चुकवून नाक्यावर उभ्या असलेल्या मुलांना पाहून तुमचे शेजारी काही करतील का? १९९७ मध्ये छापलेल्या या अभ्यासात, जिथे लोक ‘हो’ म्हणत आणि एकमेकांवर विश्वास टाकत, तिथे हिंसा कमी आढळली, वस्तीची गरिबी हिशेबात धरल्यावरही.

मर्टनची फट वेगळी. त्याचा तो लेख दहा-अकरा पानांचा आहे आणि त्यात त्याने स्वतः गोळा केलेली माहिती नाही. खालच्या वर्गात गुन्हे जास्त, हे त्या काळच्या सरकारी आकड्यांवरून मान्य करून तो त्याचं कारण सांगतो. १९५०च्या दशकाच्या शेवटी शॉर्ट आणि नाय यांनी मुलांना निनावी प्रश्नावलीत त्यांनी काय काय केलं ते विचारलं, तेव्हा वर्गावर्गांतला फरक सरकारी आकड्यांपेक्षा पुष्कळच कमी दिसला. ज्याचं कारण सांगायचं ती गोष्टच डळमळीत झाली. याच्या उत्तरात मर्टनच्या बाजूने एक रास्त मुद्दा आहे, की अशा प्रश्नावल्यांत किरकोळ खोड्याच जास्त असतात. तो मुद्दाही लिहा, कारण उणीव सांगताना सिद्धांतावर अन्याय होता कामा नये.

पाचवी पायरी: दोन सिद्धांत एकाच निरीक्षणावर आणा

इथे खरी तुलना होते. ग्लूक दांपत्याने १९५० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ५०० बालगुन्हेगारांची आणि वय, वस्ती, बुद्ध्यांक, वंश यांत त्यांच्याशी जुळणाऱ्या ५०० इतर मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. बालगुन्हेगार मुलांपैकी ९८ टक्क्यांचे मित्र बहुतांशी तसेच होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास. निरीक्षणाबद्दल वाद नाही. वाद आहे तो अर्थाबद्दल.

एडविन सदरलँड म्हणेल, मुलगा संगतीतून शिकला. १९४७ मध्ये अंतिम रूपात आलेल्या त्याच्या नऊ विधानांचा गाभा असा: गुन्हा शिकावा लागतो, तो जवळच्या माणसांकडून शिकला जातो, नुसतं तंत्र नव्हे तर ‘यात काही चूक नाही’ असं वाटायला लावणारे अर्थही शिकले जातात, आणि कायदा मोडायला अनुकूल अर्थ प्रतिकूल अर्थांपेक्षा वरचढ झाले की माणूस गुन्ह्याकडे वळतो. संगत किती वेळा, किती काळ, किती लहानपणापासून आणि किती जिव्हाळ्याची, यावर परिणाम ठरतो. आपल्याकडे हे एका म्हणीत बसतं: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

ट्रॅव्हिस हर्शी म्हणेल, क्रम उलटा आहे. १९६९ मध्ये त्याने प्रश्नच फिरवला: माणूस गुन्हा का करतो हे विचारू नका, बहुतेक माणसं का करत नाहीत ते विचारा. आईवडील आणि शाळेविषयीची ओढ, भविष्यात गुंतवलेली मेहनत, रोजच्या कामांत गुंतून राहणं आणि नियम पाळायला हवेत हा विश्वास, हे चार धागे माणसाला धरून ठेवतात. ते सैल झालेली मुलं आधी सैल होतात आणि मग आपल्यासारख्यांना शोधतात. यालाही आपल्याकडे वचन आहे: समानशीलव्यसनेषु सख्यम्.

आता दोघांना पाच प्रश्न. सदरलँडचा स्वतःचा पुरावा मुख्यतः दोन प्रकारचा: १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेली एका धंदेवाईक चोराची सविस्तर कहाणी, आणि १९४९चा ७० बड्या अमेरिकन कंपन्यांचा अभ्यास, ज्यात त्याने कंपन्यांविरुद्धचे ९८० निर्णय मोजले. दोन्ही मौल्यवान आहेत, पण ‘अनुकूल अर्थ वरचढ झाले’ हे तोलून पाहणारं मोजमाप त्यांत नाही. तसं सूत्र तयार झालेलं नाही आणि करणं अत्यंत कठीण आहे, हे सदरलँडने स्वतः लिहिलं आहे. मग गुन्हा झाल्यावर ‘अनुकूल अर्थ वरचढ असणार’ असं म्हणता येतं, आणि तसं म्हणणं कधीच खोटं पाडता येत नाही. ही त्याची मुख्य उणीव, आणि ती पहिल्या दोन रकान्यांतूनच निघाली.

हर्शीचा पुरावा सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या रिचमंड भागातल्या शाळांमधला. १९६४-६५ मध्ये चार हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी प्रश्नावली भरली. पालकांशी ओढ आणि शाळेची ओढ कमी असलेल्या मुलांनी जास्त गुन्हे सांगितले, आणि ते त्याच्या कल्पनेशी जुळलं. पण आकडेमोडीत मुली वगळल्या आणि भर गोऱ्या मुलांवर राहिला. विचारलेले गुन्हे लहानमोठ्या चोऱ्या, कोणाची गाडी न विचारता नेणं, मोडतोड, मारहाण असे होते. आणि सर्वांत महत्त्वाचं, प्रश्नावली एकदाच भरली गेली. त्याची कल्पना क्रमाबद्दल बोलते, आधी धागा सैल आणि मग गुन्हा, तर पुरावा एकाच दिवशीचा. गुन्हा केल्यामुळे घरी भांडणं होऊन ओढ कमी झाली असेल, तरी प्रश्नावलीत तेच दिसलं असतं. शिवाय धागे घट्ट असलेल्या मुलांतही वाईट मित्रांचा परिणाम दिसला, आणि त्याचं महत्त्व आपण कमी लेखलं हे हर्शीने मान्य केलं.

म्हणजे निकाल लावायला एकाच मुलांकडे वर्षानुवर्षं परत जायला हवं. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरात थॉर्नबेरी आणि सहकाऱ्यांनी तेच केलं. टोळीत सामील झालेली मुलं सामील होण्याआधी, टोळीत असताना आणि बाहेर पडल्यावर अशी पाहता आली. हर्शीचं म्हणणं पूर्ण खरं असतं तर ही मुलं टोळीत जाण्याआधीपासूनच इतरांहून पुष्कळ जास्त गुन्हे करताना दिसली असती आणि बाहेर पडल्यावरही करत राहिली असती. १९९३ मध्ये त्यांनी छापलं त्यात, विशेषतः हिंसक गुन्ह्यांच्या बाबतीत, टोळीत असतानाचा काळ उठून चढा होता आणि बाहेर पडल्यावर तो उतरला. हे सदरलँडच्या बाजूचं. पुढच्या, १९९४च्या विश्लेषणात मात्र दोन्ही दिशा दिसल्या: वाईट संगत गुन्हे वाढवते आणि गुन्हे आणखी वाईट संगत मिळवून देतात.

अजून एक खाच इथे आहे आणि ती चटकन ध्यानात येत नाही. बहुतेक सर्वेक्षणांत ‘तुझे मित्र काय करतात’ हे त्याच मुलाला विचारलेलं असतं. चोरी करणारा मुलगा ‘सगळेच करतात’ असं सांगण्याची शक्यता जास्त. मित्रांना स्वतंत्रपणे विचारून २००५ मध्ये झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात मित्रांचा परिणाम उरला, पण पूर्वी वाटत होता त्यापेक्षा बराच लहान निघाला. तुमच्या वाचनात संगतीबद्दलचा आकडा असेल तर मित्राबद्दलची माहिती कोणाच्या तोंडून आली ते आधी शोधा.

सहावी पायरी: सिद्धांतांना गोव्याच्या एका प्रकरणावर घासून पाहा

किरकोळ चोरीवर सगळेच सिद्धांत थोडेफार बसतात, म्हणून अवघड प्रकरण घ्या. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत ज्याची चर्चा घराघरात झाली ते लोहखनिजाचं प्रकरण. न्या. शहा आयोगाच्या अहवालानंतर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की गोव्यातले लीज २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपले होते, सबब त्यानंतरचं उत्खनन बेकायदा होतं.

शॉ आणि मके इथे मूक आहेत, कारण हा वस्तीतल्या मुलांचा प्रश्न नाही. हर्शीची अडचण होते. ज्यांचं समाजात सगळ्यांत जास्त गुंतलेलं असतं, प्रतिष्ठा, कुटुंब, भांडवल, तेच धंदा चालवत असतात, म्हणजे त्याच्या हिशेबाने त्यांचे धागे घट्ट. मर्टनला ‘वाट बंद’ म्हणता येत नाही, पैशाच्या यशाला कुठे थांबायचं हे समाज सांगत नाही, एवढ्या बाजूनेच तो आत येऊ शकतो. सदरलँड मात्र घरच्यासारखा वावरतो, कारण त्याने कंपन्यांचा अभ्यास केला तोच गरिबीचं स्पष्टीकरण अपुरं आहे हे दाखवायला. कागदपत्रं कशी हलवायची आणि ‘सगळे असंच करतात’ हा अर्थ, दोन्ही धंद्यात वावरताना शिकता येतात.

पण इथेच त्याच्यावरचा जुना आक्षेपही जागा होतो. त्याच्या ९८० निर्णयांपैकी फौजदारी न्यायालयाचे होते फक्त १५८, बाकीचे दिवाणी न्यायालयं आणि प्रशासकीय मंडळांचे. पॉल टॅपनने १९४७ मध्येच विचारलं होतं, की फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवलं नाही त्याला गुन्हेगार म्हणायचं कशाच्या आधारावर? गोव्याच्या बाबतीतही उत्खनन बेकायदा ठरणं आणि अमुक व्यक्ती दोषी ठरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिहिताना पहिली गोष्ट दुसरीच्या जागी ठेवू नका, आणि कोणाचं नाव घालून ‘गुन्हेगार’ तर मुळीच लिहू नका.

सातवी पायरी: रकान्यांतून परिच्छेद

रकाने वहीत राहू द्या, उत्तरात परिच्छेद लिहा. एका सिद्धांताचं सगळं सांगून मग दुसऱ्याचं सगळं, अशी दोन गाठोडी ठेवली तर तुलना वाचणाऱ्याला करावी लागते. दोघांना एका निरीक्षणावर आणून वाक्यं बांधा. नमुना असा:

‘बालगुन्हेगारांचे मित्र बहुधा बालगुन्हेगार असतात, यावर सदरलँड आणि हर्शी यांचं एकमत आहे. सदरलँडच्या मते संगत आधी येते, हर्शीच्या मते घर आणि शाळा यांच्याशी असलेले धागे आधी सैल होतात. सदरलँडचा पुरावा एका चोराची कहाणी आणि कंपन्यांविरुद्धचे निर्णय असा असल्याने त्यातून अर्थांचा तोल मोजता येत नाही, आणि म्हणून त्याचं विधान खोटं पाडणं अवघड आहे. हर्शीचा पुरावा मोजता येण्याजोगा आहे, पण एकाच वेळी घेतलेला असल्याने आधी काय आणि नंतर काय हे त्यातून ठरत नाही. रोचेस्टरच्या मुलांचा वर्षानुवर्षं केलेला पाठपुरावा संगतीचा परिणाम दाखवतो, पण उलट दिशाही नाकारत नाही.’

यात ‘सर्व गुन्ह्यांचं स्पष्टीकरण देत नाही’ हे वाक्य कुठेच आलेलं नाही. तुमच्या परिच्छेदात ते येऊ पाहत असेल तर दुसऱ्या रकान्याकडे परत जा. तिथे पाचपैकी एखाद्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं राहिलेलं असतं, आणि माझ्या पाहण्यात ते बहुतेक वेळा ‘गुन्हा कशावरून मोजला’ याचं असतं.